रिसेट दाबला की एलसीडीवर कचरा, पुन्हा दाबला की ठीक: चार-बिट मोडमधला जास्तीचा निबल

सोळा बाय दोनचा साधा एलसीडी, एटी८९एस५२ला चार डेटा तारांनी जोडलेला, आर/डब्ल्यू पिन थेट ग्राउंडला. सप्लाय चालू केला की मजकूर अगदी व्यवस्थित येतो. मग रिसेट बटण दाबायचं. आता पहिल्या ओळीतला मजकूर एक घर डावीकडे सरकलेला दिसतो, दुसरी ओळ विझते किंवा तिथे भलतीच चिन्हं येतात, आकडे बदलायचं थांबतात. पुन्हा रिसेट दाबला की सगळं पूर्ववत. तिसऱ्यांदा दाबला की परत कचरा.

डिप्लोमाच्या प्रोजेक्टचे बोर्ड हे दुखणं घेऊन नेहमी येतात. येईपर्यंत एक एलसीडी बदलून झालेला असतो, कॉन्ट्रास्टचा प्रीसेट दोन्ही टोकांपर्यंत फिरवून झालेला असतो, आणि प्रत्येक डिले दसपट वाढवलेला असतो. यातल्या कशानेही फरक पडत नाही, कारण हार्डवेअर ठीक असतं आणि डिलेही बहुधा पुरेसे असतात. बिघाड मोजणीत असतो: एलसीडीला एक निबल, म्हणजे चार बिटांचा अर्धा बाइट, जास्तीचा मिळालेला असतो.

आधी एक पडताळणी करून घ्या. बोर्ड कचरा दाखवत असताना मायक्रोकंट्रोलर चालूच ठेवा आणि फक्त एलसीडीचा पाच व्होल्टचा सप्लाय काढून पाच-दहा सेकंदांनी परत जोडा. पडदा कोरा राहील किंवा पहिल्या ओळीत काळे चौकोन दिसतील, कारण आता त्याला कुणी इनिशियलाइझ केलेलं नाही. मग रिसेट दाबा. मजकूर नीट आला, म्हणजे एलसीडी कोऱ्या अवस्थेत असताना तुमचा प्रोग्राम त्याला बरोबर उठवतो. आधीच उठलेल्या एलसीडीला मात्र तो उठवू शकत नाही. इथून पुढे सगळा शोध याच फरकाचा आहे.

एलसीडीला रिसेट कळत नाही

एचडी४४७८० किंवा त्याच्यासारख्या कंट्रोलरला रिसेट पिन नसते. आतलं रिसेट सर्किट फक्त सप्लाय चढताना काम करतं, तेही सप्लाय ०.१ ते १० मिलिसेकंदांत चढला तरच. त्यानंतर एलसीडी आठ-बिट मोडमध्ये, एका ओळीच्या सेटिंगमध्ये, डिस्प्ले बंद अशा अवस्थेत येतो. तुम्ही मायक्रोकंट्रोलरचं बटण दाबता तेव्हा एलसीडीला काहीच कळत नाही. तो आधीच्या चार-बिट मोडमध्येच, आधीचा मजकूर धरून बसलेला असतो.

चार-बिट मोडमध्ये दोन निबल मिळून एक बाइट होतो, आधी वरचा आणि मग खालचा. कोणता निबल वरचा हे सांगणारी वेगळी तार नाही. एलसीडी ई पिनवरचे पल्स मोजतो आणि जोड्या लावत जातो. एक पल्स जास्त झाला की पुढची प्रत्येक जोडी चुकते. शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की खालची सगळी चुकतात, तसंच.

म्हणजे प्रोग्राम सुरू होतो त्या क्षणी एलसीडी तीनपैकी एका अवस्थेत असू शकतो. एक, आठ-बिट मोड. दोन, चार-बिट मोड आणि वरच्या निबलची वाट पाहतोय. तीन, चार-बिट मोड, वरचा निबल मिळालाय आणि खालच्याची वाट पाहतोय. प्रोग्रामला यातली कोणती हे विचारायची सोय नाही. बिझी फ्लॅग वाचायलाही आधी जोड्या जुळलेल्या असाव्या लागतात.

जास्तीचा पल्स येतो कुठून

एटी८९एस५२ रिसेट झाला की त्याचे सगळे पोर्ट `0xFF` होतात. म्हणजे ई पिन वर जाते, आरएस वर जाते, चारही डेटा तारा वर जातात. मग प्रोग्राम सुरू होतो आणि लवकरच कुठेतरी ई खाली आणतो. एलसीडी डेटा उचलतो तो ई खाली येताना. त्यामुळे तुम्ही एकही कमांड पाठवलेली नसताना एलसीडीने `F` हा एक निबल, तोही डेटा म्हणून, घेतलेला असतो.

पहिल्यांदा सप्लाय चालू करताना याने काही बिघडत नाही. एलसीडी तेव्हा आठ-बिट मोडमध्ये असतो, म्हणजे फार तर एक काळा चौकोन मेमरीत लिहिला जाईल आणि पुढच्या क्लिअर कमांडने पुसला जाईल. पण एलसीडी चार-बिट मोडमध्ये असेल, तर हाच पल्स त्याला दुसऱ्या अवस्थेतून तिसऱ्या अवस्थेत ढकलतो. पुढच्या रिसेटला आणखी एक `F` येतो आणि जोड्या पुन्हा जुळतात. एकाआड एक रिसेटचं कोडं ते एवढंच. असं अगदी नेमकं आलटून-पालटून होत असेल, तर रिसेटच्या वेळचा पल्स हेच कारण धरून चाला.

एव्हीआर आणि पिक यांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या पिना रिसेटमध्ये तरंगत्या राहतात. एचडी४४७८०च्या डेटा, आरएस आणि आर/डब्ल्यू पिनांना आतून पुल-अप आहे, ई पिनला नाही. तरंगती ई पिन बोटाच्या स्पर्शानेही पल्स देऊ शकते, प्रोग्रामर जोडलेला असेल तर जास्तच. तिथे कचरा नियमाने येत नाही, अधूनमधून येतो. शिवाय वॉचडॉग किंवा ब्राऊन-आऊट रिसेट दोन निबलांच्या मधोमध झाला, तरी जोडी मोडते. दोन निबलांमध्ये ‘असू दे’ म्हणून मिलिसेकंदांचा डिले घालणारे ही शक्यता वाढवून ठेवतात. तिथे डिले लागतच नाही. एलसीडीला वेळ लागतो तो पूर्ण बाइट मिळाल्यानंतर.

कचऱ्याचा माग

सगळीकडे फिरणारा इनिशियलायझेशनचा कोड असा असतो: `0x02`, `0x28`, `0x0C`, `0x06`, `0x01`, `0x80`, सगळं दोन-दोन निबलांनी. निबल सुटे लिहिले तर प्रवाह होतो 0 2 2 8 0 C 0 6 0 1 8 0.

कोऱ्या, आठ-बिट मोडमधल्या एलसीडीला हे चालतं. पहिल्या 0 ने काही बिघडत नाही, पुढचा 2 ‘चार-बिट मोडला जा’ असा वाचला जातो, आणि `0x28`पासून जोड्या बरोबर लागतात. गंमत म्हणजे `0x02` ही खरं तर कर्सर घरी नेण्याची कमांड आहे. इथे ती योगायोगाने वेगळंच काम करून जाते.

आता याच प्रवाहाच्या आधी रिसेटचा F ठेवा आणि जोड्या लावा: F0, 22, 80, C0, 60, 18, आणि शेवटी एकटा 0. `0x22` म्हणजे चार-बिट पण एकच ओळ, म्हणून दुसरी ओळ जाते. `0x80` आणि `0xC0` म्हणजे कर्सर आधी पहिल्या, मग दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, त्याने काही दिसत नाही. `0x60`ने मात्र पुढचं लिखाण पडद्याच्या मेमरीऐवजी आपण अक्षरं घडवतो त्या मेमरीकडे वळतं. `0x18` अख्खा डिस्प्ले एक घर डावीकडे सरकवते. क्लिअरची `0x01` कुठेच आली नाही, म्हणून जुना मजकूर पुसला गेला नाही. सुरुवातीला सांगितलेली लक्षणं एकेक करून इथे सापडतात. यानंतरचा एकटा 0 तुमच्या पहिल्या अक्षराच्या अर्ध्या भागाशी जोडी करतो, तेही मध्येच आरएस बदललेला असताना. तिथून पुढे काय दिसेल ते मॉड्यूलवर आणि मजकुरावर अवलंबून.

तुमच्या कोडमधला कमांडचा क्रम वेगळा असेल तर कचराही वेगळा येईल. कागदावर पाच मिनिटं जोड्या लावून पाहिल्या तर तुमच्या पडद्यावरचा कचरा नेमका ओळखता येतो. मल्टिमीटरने दहा ठिकाणी मोजण्यापेक्षा हे लवकर होतं.

अजून शंका असेल तर खात्रीचा एक उपाय आहे. प्रोग्राममध्ये तात्पुरतं असं घाला की एक बटण दाबलं की एकच सुटा निबल जाईल आणि त्यानंतर इनिशियलायझेशन पुन्हा होईल. कचरा असताना ते दाबल्यावर पडदा सुधारला, आणि सुधारलेला असताना दाबल्यावर बिघडला, तर दुसरं काही शोधू नका.

तीन वेळा 3, मग एक 2

डेटाशीटमध्ये ‘कमांडने इनिशियलायझेशन’ म्हणून जो तक्ता असतो, त्यात तीनदा 3 का पाठवतात हे आता उघड होईल. हे चार निबल सुटे पाठवायचे असतात, जोडीने नाही.

आठ-बिट मोड असेल तर तिन्ही 3 म्हणजे ‘आठ-बिट मोड’ हीच कमांड तीनदा. दुसऱ्या अवस्थेत असेल तर पहिले दोन मिळून `0x33` होतात, तीही आठ-बिट मोडची कमांड, आणि तिसरा 3 आठ-बिटमध्ये तेच पुन्हा सांगतो. तिसऱ्या अवस्थेत असेल तर पहिला 3 अर्धवट राहिलेला बाइट पूर्ण करून टाकतो, मग पुढचे दोन मिळून `0x33`. तिन्ही वाटांनी एलसीडी आठ-बिट मोडमध्येच पोचतो. मग एकटा 2 त्याला चार-बिटमध्ये आणतो, आणि पुढच्या निबलपासून जोडी नव्याने सुरू होते. दोनदा 3 पाठवून तिसऱ्या अवस्थेतून सुटका नाही, आणि चौथ्याची गरज नाही.

मधले डिले याच गणितातून समजतात. सप्लाय ४.५ व्होल्टपर्यंत चढल्यावर १५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबायचं, कारण आतलं रिसेट साधारण १० मिलिसेकंद चालतं. पहिल्या 3 नंतर ४.१ मिलिसेकंद, दुसऱ्यानंतर १०० मायक्रोसेकंद. पहिल्यालाच एवढा वेळ का, याचं कारण मी असं लावतो: तिसऱ्या अवस्थेत अडकलेला वरचा निबल 0 असेल, तर पहिला 3 मिळून `0x03` होतो, आणि ती कर्सर घरी नेणारी कमांड आहे. बाकीच्या कमांडना ३७ मायक्रोसेकंद पुरतात, हिला १.५२ मिलिसेकंद लागतात. क्लिअरलाही तेवढेच धरून चाला.

हे आकडे एलसीडीचा आतला ऑसिलेटर २७० किलोहर्ट्झवर आहे असं धरून दिलेले असतात. पाच व्होल्टला तो १९० ते ३५० किलोहर्ट्झमध्ये कुठेही असू शकतो. १९० धरला तर ३७चे जवळपास ५३ मायक्रोसेकंद होतात आणि १.५२चे २.१६ मिलिसेकंद. ‘माझ्याकडे ४० मायक्रोसेकंद चालतात, मित्राच्या बोर्डवर अक्षरं गळतात’ या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे असतं. मी साध्या कमांडला ६० मायक्रोसेकंद आणि क्लिअरला ३ मिलिसेकंद देतो.

केएस००६६यूसारख्या सुसंगत कंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये सुरुवातीचा डिले ३० मिलिसेकंदांहून जास्त सांगितला आहे, आणि चार-बिटचा छोटा क्रम दिला आहे ज्यात 3 येतच नाही. तो सप्लाय नुकताच चढलेल्या एलसीडीसाठी ठीक आहे. रिसेट बटण असलेल्या बोर्डवर तो वापरला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. सुरुवातीला ५० मिलिसेकंद थांबा, म्हणजे कुठलंही मॉड्यूल आलं तरी भागतं.

```c
#include <reg52.h>
#include <intrins.h>

sbit RS = P3^6;
sbit EN = P3^7;

void nibble(unsigned char v)
{
    P2 = (v & 0xF0) | 0x0F;
    EN = 1;
    _nop_();
    EN = 0;
}

void send(unsigned char b, bit rs)
{
    RS = rs;
    nibble(b);
    nibble(b << 4);
    delay_us(60);
}

void lcd_init(void)
{
    EN = 0;
    RS = 0;
    delay_ms(50);
    nibble(0x30); delay_ms(5);
    nibble(0x30); delay_us(200);
    nibble(0x30); delay_us(200);
    nibble(0x20); delay_us(200);
    send(0x28, 0);
    send(0x08, 0);
    send(0x01, 0); delay_ms(3);
    send(0x06, 0);
    send(0x0C, 0);
}
```

एलसीडीच्या डी४ ते डी७ इथे पी२.४ ते पी२.७ला आहेत. पहिली ओळ `EN = 0` हीच तो जास्तीचा `F` पाठवते. तिला टाळता येत नाही, पण नंतरच्या 3-3-3-2 मुळे तिने काही बिघडत नाही. `RS = 0` विसरू नका. रिसेटनंतर आरएस वरच असतो, आणि तसाच राहिला तर हे 3 कमांड म्हणून नाही, अक्षरं म्हणून जातील.

`delay_us` आणि `delay_ms` मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते तुमच्या चिपवर आणि क्रिस्टलवर ठरतात. ११.०५९२ मेगाहर्ट्झवर जुन्या १२-क्लॉकच्या चिपचं एक मशीन सायकल १.०८५ मायक्रोसेकंदांचं असतं. हाच लूप एका क्लॉकला एक सायकल करणाऱ्या नव्या ८०५१ चिपवर टाकला, तर तो अनेक पटींनी लवकर संपतो आणि तुमचे ५ मिलिसेकंद अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास येतात. एव्हीआरवर हीच चूक `F_CPU`मधून होते. चिप ८ मेगाहर्ट्झवर धावत असताना तिथे `1000000UL` लिहिलं असेल, तर प्रत्येक डिले एक अष्टमांश होतो. स्कोप नसेल तरी तपासता येतं: `delay_ms(5)` दोन हजार वेळा बोलवा, आधी एलईडी लावा, नंतर विझवा, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा सेकंद भरतात का पाहा.

डिले कमी पडल्याची खूण जोडी चुकल्याच्या खुणेपेक्षा वेगळी असते. क्लिअरनंतरचा डिले अपुरा असेल तर पहिलं एखादं अक्षर गळतं, बाकीचा मजकूर वाचता येतो, आणि प्रत्येक रिसेटला तसंच होतं. आलटून-पालटून होत नाही. पहिल्या ओळीत नुसते काळे चौकोन असतील, तर इनिशियलायझेशन एलसीडीपर्यंत पोचलंच नाही: ई किंवा आरएसची तार, आर/डब्ल्यू ग्राउंडला आहे का, हे आधी पाहा.

ई पिनला पुल-डाऊन

ई पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा, असा सल्ला या तक्रारीवर लगेच येतो. एव्हीआर आणि पिकवर तो योग्य आहे, लावाच. ८०५१वर मात्र तो नवीन दुखणं आणतो. या चिपचे पोर्ट वर ओढतात ते अगदी अशक्त पुल-अपने. एटी८९एस५२च्या डेटाशीटमध्ये २.४ व्होल्टला हमी फक्त ६० मायक्रोअँपिअरची आहे. १० किलोओहमला २.४ व्होल्टवर ठेवायला २४० मायक्रोअँपिअर लागतात. म्हणजे ई वर जाईलच याची खात्री राहत नाही, आणि एलसीडीला ती वर गेली असं वाटायला किमान २.२ व्होल्ट हवेत. टेबलावर चालेल, उन्हात किंवा दुसऱ्या चिपवर चालणार नाही. ८०५१वर हे काम सॉफ्टवेअरलाच करू द्या.

रिसेट न होताही कचरा येत असेल तर

बोर्डावर रिले असेल आणि रिले सुटताना पडदा बिघडत असेल, तर ई च्या तारेवर खोटा पल्स येतोय. मायक्रोकंट्रोलर रिसेट झालेलाच नसतो, म्हणून `lcd_init` पुन्हा चालत नाही आणि कचरा सप्लाय बंद करेपर्यंत राहतो. मूळ उपाय हार्डवेअरचाच: रिलेच्या कॉइलला डायोड, एलसीडीच्या सप्लाय पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एलसीडीची केबल आखूड आणि रिलेच्या वायरिंगपासून लांब. त्यातून उरलेल्यासाठी दर काही सेकंदांनी 3-3-3-2, `0x28`, `0x06`, `0x0C` पाठवून दोन्ही ओळी पुन्हा लिहायच्या. यात `0x01` घालायची नाही, नाहीतर पडदा दरवेळी लुकलुकेल. सरकलेला डिस्प्ले जागेवर आणायला `0x02` एकदा पाठवा आणि तिलाही ३ मिलिसेकंद द्या. स्वतः घडवलेली अक्षरं वापरत असाल तर तीही नव्याने भरा, कारण वर `0x60`च्या वेळी पाहिलं तसं भटकं लिखाण त्याच मेमरीत जाऊन बसू शकतं.

दर तासाला एखाद्या वेळी कचरा येणाऱ्या बोर्डवर मी हा पुनर्जुळणीचा भाग शेवटी घालतो. आधीच घातला तर कचरा दिसेनासा होतो आणि कोणता रिले त्रास देतोय ते सापडत नाही.